रुजू झाल्यावरचा परिचयाचा ई-मेल : पाठवण्यापूर्वीची तयारी

नव्या नोकरीत रुजू झाल्यावर सगळ्या विभागाला आणि नव्या साहेबांना जो परिचयाचा ई-मेल पाठवायचा असतो, त्याची ही तयारी मी लिहून ठेवत आहे, कारण बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात लागलो तेव्हा मी तो चुकीच्या पद्धतीने पाठवला आणि त्याचा त्रास माझ्याआधी दुसऱ्याच माणसाला झाला.

सर्वांत आधी साहेबांना भेटावे आणि सगळ्यांना जाणारा मजकूर त्यांना दाखवावा. मी हेच केले नव्हते. पहिल्याच दिवशी, खुर्ची मिळाल्यावर तासाभरात, मी गुणवत्ता, उत्पादन आणि डिस्पॅच अशा तिन्ही विभागांना लिहिले की "यापुढे ग्राहकांच्या तक्रारी मी पाहणार आहे." मुलाखतीत मला तसे सांगितले होते, त्यामुळे वाक्य खोटे नव्हते, पण ते काम बरीच वर्षे ज्यांच्याकडे होते, ज्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो, त्यांना कामाच्या बदलाबद्दल अजून कोणी सांगितलेले नव्हते. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, चष्मा काढून हातात धरला आणि इतकेच म्हणाले, "मला मेलवरनं कळालं रे. आधी येऊन सांगायचंस की." त्याच आठवड्यात ब्लो होल असलेल्या कास्टिंगची एक तक्रार आली. डिस्पॅचने ती माझ्याकडे पाठवली. मला जुनी फाइल कुठे आहे हेही ठाऊक नव्हते, आणि अण्णांनी माझा ई-मेल वाचून ते काम आपल्याकडून गेले असे धरले होते. ग्राहकाने पहिले उत्तर २४ तासांत मागितले होते. ते तिसऱ्या दिवशी गेले.

म्हणून साहेबांना तीन गोष्टी तोंडी विचाराव्यात : माझ्या येण्याची सूचना तुम्ही स्वतः देणार आहात की मी द्यायची, माझ्याकडे येणारे काम आज कोणाकडे आहे, आणि त्या व्यक्तीला हे कळले आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "सांगतो नंतर" असे आले, तर ई-मेल थांबवावा. एक दिवस उशिरा गेलेल्या परिचयाने काहीही बिघडत नाही. साहेब रजेवर असतील तर ते येईपर्यंत थांबावे. त्यांच्या परवानगीशिवाय कामाबद्दल एक शब्दही सगळ्यांना लिहू नये.

साहेबांना स्वतंत्र, लहान ई-मेल पाठवावा. त्यात ओळख पुन्हा सांगत बसू नये, ती त्यांनी मुलाखतीत घेतलेली असते. कोणती कागदपत्रे दिली, कोणत्या प्रणालीचे लॉगिन अजून मिळालेले नाही, पहिल्या महिन्यात काय शिकून घ्यावे अशी त्यांची अपेक्षा आहे असे आपण समजलो आहोत, हे लिहावे आणि सगळ्यांना जाणारा मसुदा त्याच ई-मेलच्या खाली जोडावा. असे केले की "दाखवले होते" हे लेखी राहते आणि एखाद्या शब्दात बदल हवा असेल तर तो साहेबांना तिथेच सुचवता येतो.

आता मुख्य मजकूर. तो आठ-दहा ओळींच्या पुढे जाऊ नये. नाव, पद, विभाग, रुजू झाल्याची तारीख, कोणाच्या हाताखाली काम करणार, हे पहिल्या दोन ओळींत यावे. नावाच्या बाबतीत आपल्या भागात थोडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण एकाच विभागात चार पाटील असतात आणि पडद्यावर कुणाचे आडनाव आधी येते, तर कुणाच्या नावापुढे नुसती आद्याक्षरे असतात; त्यामुळे आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे स्पष्ट लिहावे. गावाचे नाव बोलताना आपण बेळगाव म्हणतो, पण १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, तेव्हा स्वाक्षरीखालचा पत्ता कंपनीच्या कागदावर जसा छापलेला असेल तसाच ठेवावा.

भाषेबद्दल एक ओळ अवश्य असावी. ई-मेल बहुधा इंग्रजीतच जातो, पण शॉप फ्लोअरवर मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, म्हणून जे येते ते खरे लिहावे. कन्नड बोलता येते पण वाचायला वेळ लागतो, असे मी या खेपेला लिहिले. त्याचा उपयोग असा झाला की पाळीप्रमुख कन्नड शेरे असलेली नोंदवही नुसती पाठवून न देता वाचून दाखवू लागले.

पूर्वीच्या कामाबद्दल एकच वाक्य पुरे : किती वर्षे, कोणत्या प्रकारच्या मालावर, कोणती तपासणी. जुन्या कंपनीच्या ग्राहकांची नावे, तिथले रिजेक्शनचे आकडे आणि ती नोकरी सोडण्याचे कारण यांपैकी काहीही लिहू नये. खानापूरहून रोज येतो अशी एखादी घरगुती ओळ चालते. फोटो जोडायची गरज नाही.

यानंतर येते कामाचे वाक्य, आणि सगळी जोखीम याच वाक्यात आहे. "यापुढे मी पाहणार" असे कधीही लिहू नये. त्याऐवजी काय लिहावे, ते पूर्ण देतो : "पहिले चार आठवडे मी अण्णांसोबत ग्राहकांच्या तक्रारींचे काम शिकत आहे, तोपर्यंत तक्रारी पूर्वीप्रमाणे त्यांच्याकडेच पाठवाव्यात आणि प्रत मला द्यावी. पुढील बदल साहेब कळवतील." ई-मेलमध्ये अण्णांचे पूर्ण नाव घालावे. या वाक्यात मुदत आहे, आज कोणाकडे जायचे ते आहे, आणि बदल जाहीर करण्याचा अधिकार ज्यांचा आहे त्यांच्याकडेच ठेवलेला आहे. हे वाक्य साहेबांनी वाचलेले असावे, आणि ज्यांचे नाव त्यात आहे त्यांनीही वाचलेले असावे. पुन्हा सांगतो, त्यांनीही. त्यांच्या टेबलाशी जाऊन, कागदावर किंवा पडद्यावर, पाठवण्यापूर्वी दाखवावे. यात पाच मिनिटांहून अधिक वेळ जात नाही.

पाठवून झाल्यावर मागे घेऊ, या भरवशावर राहू नये. जीमेलमधील `Undo Send` जास्तीत जास्त ३० सेकंद देते, आणि तेही सेटिंग बदलले असेल तरच. मुळात ते ५ सेकंदांवर असते. आउटलुकमधील परत घेण्याची सोय कंपनीबाहेरच्या पत्त्यांवर चालत नाही, आणि डिस्पॅचच्या गटात वाहतूकदाराचा एखादा पत्ता घातलेला असू शकतो. म्हणून गटाचा पत्ता टाकण्याआधी त्यात कोण कोण आहे ते उघडून पाहावे. पत्ता सर्वांत शेवटी टाकावा.

विषयाच्या ओळीत नाव आणि विभाग. वेळ म्हणाल तर दुसरा किंवा तिसरा दिवस, सकाळची उत्पादन बैठक संपल्यावर. उत्तरे आली की ज्याचे त्याला आभार कळवावेत, `Reply All` दाबू नये. ज्यांना ई-मेल नाही त्या मोल्डिंग आणि फेटलिंगच्या लोकांना पाळी बदलताना प्रत्यक्ष भेटावे. आणि पाठवण्याचे बटण दाबण्याआधी पुन्हा पाहावे : साहेबांनी वाचला का, अण्णांनी वाचला का.