मोठ्यांची एकच गोळी, पण दीड वर्षाच्या बाळासाठी जीवघेणी: या चुका टाळा

घरात कोणाला मधुमेह असेल, तर गोळ्यांच्या डब्यात बहुधा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादी गोळी असते. या सगळ्या सल्फोनिलयुरिया या एकाच गटातल्या. मोठ्या माणसाने सकाळी नाश्त्याआधी घ्यायची ही साधी शुगरची गोळी. पण एक ते तीन वर्षांच्या निरोगी मुलाने यातली एक गोळी गिळली, तरी त्याच्या रक्तातली साखर फिट येण्याइतकी खाली जाऊ शकते. आणि गोळी पोटात गेल्यावर पुढचे काही तास ते मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. पालकांची फसगत होते ती याच तासांत, म्हणून या गोळीबद्दल सविस्तर लिहितो आहे. एका गोळीत धोका असलेली इतर औषधंही पुढे येतील.

"एकच तर गोळी आहे, तीही छोटीशी"

गोळीच्या आकारावरून धोक्याचा अंदाज बांधणं ही पहिली चूक. दोन मिलिग्रॅमची ग्लिमेपिराइडची गोळी डाळीच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. पण मुलाच्या वजनाशी तुलना करून बघा. दहा किलोच्या बाळाला २ मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ६५ किलोच्या माणसाने याच हिशोबाने गोळ्या घेतल्या, तर त्याला एका वेळी १३ मिलिग्रॅम, म्हणजे सहा-सात गोळ्या घ्याव्या लागतील. या औषधाचा मोठ्यांचा दिवसाचा कमाल डोसच ८ मिलिग्रॅम आहे.

तरीही ही तुलना धोका कमीच दाखवते. मधुमेही माणसाची साखर मुळात वाढलेली असते आणि गोळी ती खाली आणते. बाळाची साखर आधीच जिथे असायला हवी तिथे असते. सल्फोनिलयुरिया स्वादुपिंडातल्या पेशींना इन्सुलिन सोडायला लावतं आणि तसं करताना रक्तात साखर किती आहे हे बघत नाही. एरवी साखर उतरली की इन्सुलिन थांबतं, इथे ते सुटतच राहतं. त्यातच लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा आणि मेंदूची भूक मोठी. त्यामुळे मोठ्या माणसाला सावरायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा त्याला मिळत नाही.

मेटफॉर्मिनचं मात्र वेगळं आहे. ते इन्सुलिन सुटायला लावत नाही, म्हणून नुसत्या मेटफॉर्मिनच्या एका गोळीने सहसा साखर अशी कोसळत नाही. पण मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत एकत्र असलेली औषधंही सर्रास दिली जातात. म्हणून "आजीची शुगरची गोळी" एवढ्यावर न थांबता स्ट्रिपवर छापलेलं औषधाचं पूर्ण नाव वाचा.

"खेळतोय की छान, बघू थोडा वेळ"

सर्वांत घातक चूक हीच. समजा, संध्याकाळी सात वाजता अकरा किलोच्या, दीड वर्षाच्या मुलाच्या हातात ग्लिमेपिराइडची फाटलेली स्ट्रिप सापडली. एक गोळी कमी आहे आणि त्याच्या ओठाला थोडी भुकटी लागली आहे. मूल हसतंय, धावतंय. साडेसातला ते पोटभर जेवलं. आठ वाजता घरातल्या ग्लुकोमीटरवर साखर ९५ आली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नऊ वाजता मूल झोपलं.

आता रात्री काय होतं ते बघा. जेवणातली साखर दहा-अकरापर्यंत पुरते. गोळीचं काम तेव्हा जोरात चालू असतं आणि पोटात नवं काही जात नाही. एक वाजता साखर ६० च्या खाली जाते. मुलाला दरदरून घाम येतो, अंग गार पडतं, पण मूल झोपलेलं आणि घरचेही झोपलेले. दोन वाजता ती चाळिशीच्या आसपास असेल, तर पुढची खूण फिट हीच असू शकते. दिवसा जी लक्षणं नजरेला पडली असती, म्हणजे चिडचिड, थरथर, पांढरा पडलेला चेहरा, अवेळी येणारी गुंगी, ती सगळी रात्रीच्या झोपेत लपून जातात.

साखर बहुतेक वेळा पहिल्या आठ तासांत उतरते, पण त्यानंतर उतरल्याच्याही नोंदी आहेत. औषध हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातलं असेल, तर आणखी उशीर होऊ शकतो. म्हणून आठ वाजताचं ९५ हे आठ वाजेपुरतंच खरं. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. अशा मुलाला लक्षणं असोत वा नसोत, रुग्णालयात ठेवून ठरावीक वेळाने, सुरुवातीला साधारण तासातासाने, साखर तपासावी लागते आणि त्यात रात्रीच्या उपाशी तासांचा काळ यावा लागतो. कोणी दोन तासांत घरी सोडत असेल, तर "गोळी सल्फोनिलयुरियाची होती, रात्री साखर उतरली तर?" हे स्पष्ट विचारा.

"साखरपाणी पाजलं, आता भीती नाही"

मूल शुद्धीवर आहे, नीट गिळतंय आणि घाम, थरथर अशी लक्षणं दिसतायत, तर रुग्णालयाच्या वाटेवर साखरपाणी घोट-घोट पाजणं बरोबर आहे. तेवढ्याने काही मिनिटांची सोय होते. पण ते पाजून घरी थांबलात, तर अडकाल. वर गेलेल्या साखरेमुळे स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि थोड्या वेळाने साखर पुन्हा उतरते. रुग्णालयातही नुसत्या ग्लुकोजच्या सलाइनवर असाच चढ-उतार चालू राहू शकतो. म्हणून साखर उतरली, की ग्लुकोजच्या जोडीला ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन दिलं जातं. ते इन्सुलिन सुटणंच दाबतं.

मूल गुंगीत असेल किंवा त्याला फिट येत असेल, तर तोंडात काहीही घालू नका. साखरपाणी नाही, दूध नाही, पाणीही नाही. ते श्वासनलिकेत जाईल.

उलटी करवण्याचा प्रयत्न

बोट घालून किंवा मीठ-पाणी पाजून उलटी करवायची हा सल्ला अजूनही कानावर पडतो. तो मानू नका. गोळी उलटीतून बाहेर येईलच याची खात्री नसते, पण ती बाहेर आली असं वाटून घरचे निर्धास्त होतात. गुंगी चढत असताना झालेली उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. आणि लहान मुलाला पाजलेलं खारं पाणी रक्तातलं मीठ इतकं वाढवू शकतं की तेवढ्यानेच जीव जाईल. दूध पाजल्याने औषध मारलं जात नाही. कोळशाची भुकटी घरी देऊ नका. रुग्णालयात ॲक्टिव्हेटेड चारकोल द्यायचा की नाही हे डॉक्टर वेळ आणि मुलाची शुद्ध बघून ठरवतात.

मोजणीतली चूक

"कदाचित अर्धीच गेली असेल" हा अंदाज बहुतेक वेळा आशेतून येतो. हिशोब वाईटात वाईट शक्यतेचा करा. स्ट्रिप कधी उघडली, रोज किती घेतल्या, त्यानुसार किती उरायला हव्यात आणि किती आहेत, हे मोजा. जेवढ्या सापडत नाहीत तेवढ्या पोटात गेल्या असं धरा. दोन मुलं एकत्र खेळत होती, तर प्रत्येकाने सगळ्या घेतल्या असं मानून दोघांनाही न्या. वारांप्रमाणे कप्पे असलेल्या डब्यातून गोळ्या गेल्या असतील, तर मूळ स्ट्रिप शोधा, कारण सुट्या गोळीवरून नाव ओळखण्यात वेळ जातो.

शुगरची नसेल तर?

रक्तदाबाच्या गोळ्यांत वेरापामिल, डिल्टियाझेम, निफेडिपीन आणि ॲम्लोडिपीन यांच्याबाबतीतही थांबून बघायचं नाही. रक्तदाब कोसळतो, नाडी मंदावू शकते. हळूहळू सुटणाऱ्या गोळीत हे बऱ्याच तासांनी सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की आवरणं फार कठीण जातं. क्लोनिडीन उलट लवकर दिसतं: काही तासांतच मूल पेंगतं, श्वास आणि नाडी मंद होतात. ट्रॅमाडॉल, कोडीन, ब्युप्रेनॉर्फिन अशा वेदनाशामकांत आणि तत्सम औषधांत श्वास थांबण्याची भीती. जुलाबावरची डायफेनॉक्सिलेटची गोळीही याच जातीची आहे हे फार कमी घरांना माहीत असतं, आणि तिचा परिणाम उशिरा, कधी २४ तासांनीही, दिसू शकतो.

अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामिन, क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही हृदयाचे ठोके बिघडवणारी आणि फिट आणणारी. क्लोरोक्विन तर अर्ध्या तासातही घात करू शकतं. इथे स्ट्रिप मोजत बसायलाही वेळ नाही. मुलाला घेऊन निघा आणि वाटेत फोन करा.

त्या क्षणी काय करायचं

आधी श्वास बघा. मूल हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, श्वास मंद वाटत असेल किंवा फिट येत असेल, तर लगेच आणीबाणीच्या नंबरवर फोन. श्वास चालू असेल तर मुलाला एका कुशीवर ठेवा. श्वास थांबला असेल, तर फोनवरची व्यक्ती सांगेल तसा कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करा.

मूल सावध असेल, तर तोंडात दिसणारे गोळीचे तुकडे बोटाने अलगद काढा. घशात खोल बोट घालून शोधू नका. मग स्ट्रिप, डबा, उरलेल्या गोळ्या, बाहेर काढलेले तुकडे सगळं पिशवीत भरा. विषबाधा केंद्राला किंवा रुग्णालयाला फोन करा आणि जिथे लहान मुलांना रात्रभर देखरेखीखाली ठेवता येतं अशा ठिकाणी जा. निघण्याआधी घर झाडून गोळी सापडते का हे बघत थांबू नका. ते काम मागे राहणाऱ्याने करावं आणि सापडली तर कळवावं.

फोनवर एका दमात एवढं सांगितलं तरी पुरतं: "मूल दीड वर्षाचं, वजन अकरा किलो. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त एक गोळी, संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान. आत्ता सावध आहे, उलटी नाही. साडेसातला जेवलंय." वेळ नक्की माहीत नसेल, तर मूल शेवटचं नजरेसमोर कधी होतं ती वेळ सांगा. जेवणाची वेळ विसरू नका, कारण साखरेचे पुढचे आकडे डॉक्टर तिच्याशी ताडून बघतात.

ग्लुकोजचं सलाइन लावावं लागलं असेल, तर ते बंद केल्यानंतरही काही तास साखर तपासली जाते. सलाइन सुटल्यासुटल्या घरी जायची घाई करू नका. सलाइनशिवाय, नेहमीच्या खाण्यावर आणि झोपेतही साखर टिकतेय हे दिसलं, की मग डिस्चार्ज घ्या.