ऑप-अँपच्या आउटपुटवरचा १० नॅनोफॅरड: एका डिझाइन रिव्ह्यूचे शेरे

तुझ्या कार्डाचं सर्किट काल रात्री निवांत पाहिलं. थर्मोकपलचा इनपुट, कोल्ड जंक्शनची भरपाई, २०५ गेनची स्टेज, यावर मला काही म्हणायचं नाही. के टाइप थर्मोकपल १२०० अंशांना साधारण ४८.८ मिलिव्होल्ट देतं, त्याचे तू बरोबर १० व्होल्ट केलेस. लाल खूण केली आहे ती शेवटच्या बफरवर. एलएम३५८ चा उरलेला अर्धा भाग, गेन १, आउटपुट थेट कनेक्टरला आणि कनेक्टरपाशी ग्राउंडला १० नॅनोफॅरड. शेजारी तू लिहिलं आहेस, ‘नॉइजसाठी’. माझे सगळे शेरे या एका कपॅसिटरभोवतीच आहेत. तुझ्यानंतर येणाऱ्या मुलांनाही वाचता यावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे कार्ड बसणार आहे जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, भट्टीच्या शेडमधल्या पॅनेलात. तिथून पीएलसीपर्यंत २० मीटर शील्डेड केबल जाते. अशा केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धर, म्हणजे २ नॅनोफॅरड झाले. तुझ्या सर्किटच्या कागदावर ही केबल कुठेच नाही, म्हणून सिम्युलेशनमध्येही नाही. तुझा कपॅसिटर मिळवला की बफरच्या आउटपुटवर १२ नॅनोफॅरड लटकतात. एलएम३५८ ची डेटाशीट उघडून पाहा: गेन १ असताना आउटपुटला थेट ५० पिकोफॅरड चालतील, असं तिथे लिहिलं आहे. आपण त्याच्या २४० पट लावतो आहोत.

आता हे का बिघडतं ते बघ. फीडबॅक जोडण्याआधी ऑप-अँपच्या आउटपुटला स्वतःचा रेझिस्टन्स असतो. या आयसीसाठी मी ३०० ओहम धरतो. हा रेझिस्टन्स आणि बाहेरचा कपॅसिटर मिळून एक आरसी तयार होतो आणि तो फीडबॅकच्या वाटेत येऊन बसतो:

```
f = 1 / (2π × 300 × 12e-9) ≈ 44 kHz
```

आयसीचा गेन-बँडविड्थ साधारण १ मेगाहर्ट्झ आहे. आयसीच्या आतल्या कॉम्पेन्सेशनमुळे सिग्नल आधीच ९० अंश मागे पडलेला असतो. ४४ किलोहर्ट्झच्या पुढे हा नवा आरसी त्याला आणखी मागे ओढतो. लूपचा गेन १ वर येतो तो २०८ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तोवर या आरसीने ७८ अंश खाल्लेले असतात. हातात फेज मार्जिन, म्हणजे १८० अंश मागे पडून ऑसिलेशन सुरू होण्याआधीची शिल्लक, उरतो फक्त १२ अंश. आयसीमध्ये याखेरीजचे जे छोटे विलंब असतात ते त्यातलेही काही खातात. तुझा कपॅसिटर काढून नुसती केबल ठेवली तरी मार्जिन २९ अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून ‘कपॅसिटर काढला’ एवढं उत्तर मला पुरणार नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वाळूजला नोकरीला लागलो तेव्हा असंच एक कार्ड माझ्या हातून गेलं होतं. टेबलावर सगळं नीट चाललं, कारण टेबलावर वायर होती हातभर. साइटवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवरच्या मिस्त्रींचा फोन आला, ‘साहेब, तुमचा मीटर पाच अंश जास्त दाखवतोय, आणि पॅनेलचं दार उघडलं की बदलतोय.’ मी गेलो, मल्टिमीटर लावला, आकडा अगदी स्थिर. थर्मोकपल बदललं, आयसी दोनदा बदलली, ऑफसेट पुन्हा जुळवला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी स्कोप घेऊन गेलो तेव्हा आउटपुटवर दोनशे किलोहर्ट्झच्या आसपासची तिरप्या कडांची, तिकोनी लाट दिसली, जेमतेम अर्धा व्होल्ट उंचीची.

अर्धाच व्होल्ट का, हे समजून घे, म्हणजे असा दोष लांबूनही ओळखता येईल. या आयसीचा स्लू रेट मायक्रोसेकंदाला ०.३ व्होल्टच्या घरात. दोनशे किलोहर्ट्झला तेवढ्या वेगात आउटपुट याहून फार वर-खाली जाऊच शकत नाही, म्हणून ऑसिलेशन तिथेच अडकतं. पीएलसीचा इनपुट संथ असतो, तो या लाटेची सरासरी घेतो. वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेग अगदी सारखा नसतो, त्यामुळे ती सरासरी खऱ्या व्होल्टेजपासून जरा सरकते. आपल्या स्केलवर १ व्होल्ट म्हणजे १२० अंश. चाळीस मिलिव्होल्ट सरकले की पाच अंश गेले. आकडा स्थिर पण चुकीचा, केबलला हात लावला की हलणारा, आयसी नेहमीपेक्षा कोमट: ही तीन लक्षणं एकत्र दिसली की मल्टिमीटर ठेव आणि स्कोप घे. प्रोब x10 वर ठेव. x1 वर प्रोबची स्वतःचीच शंभर-एक पिकोफॅरड आउटपुटवर पडते.

उपाय साधा आहे, पण जागा चुकली तर उलटा पडतो. आउटपुट पिन आणि कनेक्टर यांच्यामध्ये १०० ओहम घाल. फीडबॅक मात्र आयसीच्या पिनवरूनच, म्हणजे रेझिस्टरच्या अलीकडून घे. आता वरच्या फ्रीक्वेन्सीला कपॅसिटर जणू शॉर्ट झाला तरी ऑप-अँपला समोर १०० ओहम दिसतात, आणि १३३ किलोहर्ट्झपासून हरवलेले अंश परत यायला लागतात. गणित केलं तर १२ नॅनोफॅरड तसेच ठेवूनही मार्जिन ७१ अंशांच्या आसपास येतो. हाच रेझिस्टर फीडबॅकच्या आत गेला, म्हणजे फीडबॅक कनेक्टरच्या बाजूने घेतला, तर ३०० चे फक्त ४०० ओहम होतात आणि होता तो मार्जिनही घटतो. लेआउट करताना ही चूक सहज होते, कारण कनेक्टरच्या पॅडवरून ट्रॅक ओढणं सोपं जातं. म्हणून सर्किटच्या कागदावर त्या जागी टीप लिही.

याची किंमत मोजावी लागते. पीएलसीचा इनपुट १०० किलोओहमचा असेल तर १०० ओहमवर ०.१ टक्का पडतो, म्हणजे १२०० अंशांना सव्वा अंश. ते कॅलिब्रेशनमध्ये निघून जातं. इनपुट १० किलोओहमचा निघाला तर बारा अंश जातील, आणि ते मला चालणार नाहीत. तेव्हा डीसी फीडबॅक रेझिस्टरच्या पलीकडून आणि वरच्या फ्रीक्वेन्सीचा फीडबॅक छोट्या कपॅसिटरने थेट पिनवरून, अशी दुहेरी जोडणी करावी लागेल. आधी मिलमधल्या मॉड्यूलचा नंबर मागवून त्याचा इनपुट रेझिस्टन्स बघ.

नॉइजची तुझी काळजी खरी आहे. पण भट्टीचं तापमान सेकंदासेकंदाला उड्या मारत नाही. बफरच्या इनपुटपाशी १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड घाल, १६ हर्ट्झच्या वरचं सगळं तिथेच गाळलं जाईल आणि फीडबॅकच्या लूपला धक्का लागणार नाही.

कार्ड बदलून आणशील तेव्हा स्टोअरमधून २० मीटर केबलचं वेटोळं घेऊन ये. केबल लावूनच बफरच्या इनपुट पिनला, तुझा नवा आरसी तेवढ्यापुरता सोडवून, ५० मिलिव्होल्टची स्क्वेअर वेव्ह दे. मोठी दिलीस तर स्लू रेट सगळं रिंगिंग झाकून टाकेल. आउटपुट किती वर उसळतो आणि किती वेळा हलून थांबतो, ते जुन्या आणि नव्या जोडणीसाठी एकाच कागदावर छापून माझ्या टेबलावर ठेव. कार्ड हेअर ड्रायरने तापवूनही एकदा बघ, मे महिन्यात त्या पॅनेलात हात ठेववत नाही.