फ्लॅट सोडताना मागे ठेवायची चिठ्ठी: तयारीची यादी

चौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट सोडताना निरोपाची चिठ्ठी बहुतेक वेळा शेवटच्या रात्री, सामान बांधून झाल्यावर लिहिली जाते. अंग मोडून आलेलं असतं, पहाटेची गाडी असते, आणि कागदावर उतरतं ते एवढंच: ‘सगळ्यांचे आभार, खूप मजा आली, संपर्कात राहू.’ वाईट काही नाही त्यात, पण हे वाक्य कुणालाही लिहिता आलं असतं. म्हणून तयारी निघण्याच्या आठेक दिवस आधी सुरू करायची, आणि पहिले काही दिवस चिठ्ठी लिहायची नाही, फक्त आठवायचं.

समजा, गोव्यात फोंड्याला राहणारा अनिकेत 28 जूनला पुण्याला चालला आहे. मागे राहणार निखिल, समीर आणि वाळपईचा गौरेश. त्याने मोबाइलमध्ये तीन नावं लिहून ठेवायची आणि स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना जे आठवेल ते त्या त्या नावाखाली टाकायचं. कसोटी एकच: त्या माणसाने केलेली गोष्ट डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. ‘तू कायम मदत केलीस’ हे दिसत नाही. ‘फेब्रुवारीत मी तापाने पडलो होतो तेव्हा कामावर जाण्याआधी तू पेज करून ठेवायचास, माझी ताटलीही घासायचास’ हे दिसतं. निखिलसाठी हे एक वाक्य पुरे आहे.

अडतं ते ज्याच्याशी फार बोलणं नव्हतं त्याच्यापाशी. समीरच्या नावाखाली चार दिवसांनंतरही जागा रिकामी असेल, तर घरात आपोआप होणाऱ्या कामांकडे पाहावं. सकाळी सहाला उठून पाण्याची मोटर कोण लावतं? ओला आणि सुका कचरा वेगळा करून बाहेर कोण ठेवतं? अबोल माणूस पुष्कळदा अशाच कामांत सापडतो. ‘समीर, टाकी कधी रिकामी राहिली नाही ती तुझ्यामुळे’ ही ओळ त्याला खरी वाटेल. ओढून ताणून दोस्तीच्या आठवणी काढल्या तर त्याच्यासकट सगळ्यांनाच ते कळतं. तिघांच्या ओळी साधारण सारख्या लांबीच्या ठेवा. फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीत एकाला सात ओळी आणि दुसऱ्याला अर्धी, हे राहणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. एखाद्यासाठी जास्त लिहायचं असेलच तर ते वेगळ्या पाकिटात घालून त्याच्या हातात द्यावं.

पैशाचा हिशेब या चिठ्ठीत आणू नये. आभारांच्या खाली ‘ता. क. लाइट बिलाचे माझे किती ते कळवा’ आलं की वर लिहिलेलं सगळं फिकं पडतं. त्यासाठी दुसरा कागद करायचा, आणि तो निरोपाच्या चिठ्ठीच्या दोन दिवस आधी समोरासमोर बसून वाचायचा. भाड्याची अनामत चौघांनी मिळून तीस हजार भरली असेल तर अनिकेतचा वाटा साडेसात हजार. करार चालूच राहणार असेल तर हा वाटा सहसा मालकाकडून सुटत नाही, त्याच्या जागी येणाऱ्याकडून घ्यावा लागतो. नवा माणूस ठरलेला नसेल तर पैसे कधी आणि कोण देणार, हे तारखेसकट लिहून घ्यावं.

विजेच्या बिलात गोंधळ हमखास होतो. विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे निघायच्या दिवशी मीटर पाहून युनिटना मागच्या बिलाच्या सरासरी दराने गुणलं की उत्तर चुकतं. त्यापेक्षा बिल येऊ द्यावं आणि माणसांचे दिवस मोजावेत. मागचं रीडिंग 12 जूनचं, पुढचं 13 जुलैचं, म्हणजे 31 दिवस. तिघांचे मिळून 93, अनिकेतचे 16, एकूण 109. बिल 1,308 रुपये आलं तर दिवसाला माणशी 12 रुपये, आणि अनिकेतचे 192. ही रीत आधीच कागदावर असली की जुलैत फोन करताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

गॅसचं कनेक्शन जाणाऱ्याच्या नावावर असेल तर ते आधी मिटवा. नोंदणीकृत नंबर त्याचाच असल्याने सिलिंडर घरी आला की डिलिव्हरीचा कोड पुण्यात त्याच्या फोनवर येतो, आणि तो मीटिंगमध्ये असला की सिलिंडर दारातून परत जातो. वाय-फायचं तसंच. पदेराला सांगून रोजचे पावही कमी करा, नाहीतर सकाळी जास्तीचे पाव येत राहतात.

आता संपर्काची ओळ. ‘भेटत राहू’ हे सगळेच लिहितात, पण कुणी कुणाला कधी गाठायचं हे त्यात नसल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत फ्लॅटच्या ग्रुपवर फक्त पाणी आणि भाड्याचे मेसेज उरतात. घर सोडूनही त्या ग्रुपमध्ये राहिलेल्या माणसाला ते रोजचे मेसेज नकोसे होतात, आणि राहणाऱ्यांनाही घरातली कुरबूर त्याच्यासमोर बोलता येत नाही. म्हणून घराच्या ग्रुपमधून सांगून बाहेर पडावं आणि चौघांचा वेगळा ग्रुप त्याच दिवशी करावा. चिठ्ठीत एक ठरलेला प्रसंग लिहावा: ‘चवथीला गौरेशच्या घरी यायचं म्हणतोय. जुलैअखेर तिकीट काढून कळवतो.’ कळवण्याचं काम स्वतःकडे घ्यायचं, आणि जमणार असेल तेवढंच लिहायचं. दर महिन्याला फोनचं वचन दिलं आणि दुसऱ्याच महिन्यात मोडलं तर चिठ्ठीतलं बाकीचंही पोकळ वाटायला लागतं. जुन्या पत्त्यावर बँकेचं किंवा दुसरं काही टपाल यायचं असेल तर कुठल्या तारखेपर्यंत सांभाळायचं तेही इथेच सांगा.

तक्रारी नकोत, गमतीतल्यासुद्धा नकोत. ‘आता तरी भांडी वेळेवर घासा’ हे तोंडाने म्हटलं तर हसण्यावारी जातं, पण कागदावर ते तसंच राहतं. आपल्याकडून कुणाला त्रास झाला असेल तर त्या गोष्टीचं नाव घेऊन माफी मागावी. ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ यातून कुणालाच काही मिळत नाही.

लिहिण्याचं सामानही जूनच्या हवेकडे पाहून निवडा. जेल पेनची शाई पाण्याची असते, पावसाळ्यात ओलसर हाताने कागद धरला तरी अक्षरं फुटतात. साधं बॉलपेन टिकतं. भिंतीला ओल असेल तर चिकटपट्टी दोन दिवसांत सुटते, तेव्हा फ्रिजवर चुंबकाखाली लावा. खिडकीजवळच्या ओट्यावर ठेवू नका, वाऱ्याबरोबर झड आत येते. आकार वहीच्या एका पानाचा, एकाच बाजूला लिहिलेलं. मागे मजकूर असतो हे लटकवलेल्या कागदावर कुणी पाहत नाही.

अनिकेतच्या चिठ्ठीत गौरेशची ओळ अशी येऊ शकते: ‘गौरेश, पहिल्याच आठवड्यात भाड्याची स्कूटर बंद पडली तेव्हा फर्मागुडीच्या चढावर तू पावसात घ्यायला आलास. देव बरें करूं.’ गौरेशच्या घरी बोलतात त्या कोंकणीतले तीन शब्द त्याला पुरतात.

खाली राहणाऱ्या घरमालकीण काकींना या चिठ्ठीत गुंडाळू नका. त्यांना भेटून सांगा, किल्ली त्यांच्या हातात द्या आणि भाडेकरू म्हणून पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीत आपण गेल्याची नोंद करायची का, ते विचारा.

चिठ्ठी निघायच्या आदल्या संध्याकाळी लावा, सगळे जेवायला घरी असताना. गाडीत बसल्यावर मेसेज करून ‘फ्रिजवर बघा’ सांगितलं तर उत्तर द्यायला समोर कुणी नसतं, आणि निखिलला पेजेबद्दल काही बोलायचं असलं तर ते राहून जातं.