स्टेंटनंतरचा पहिला महिना: सकाळच्या नाडीची नोंदवही

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवून बेळगावहून खानापूरला घरी परतलो, तेव्हा डॉक्टरांनी रोज सकाळी नाडी मोजून लिहून ठेवण्यास सांगितले होते. नुकतेच घरी आलेल्या रुग्णांना उपयोग व्हावा म्हणून त्या वहीतील काही नोंदी येथे देत आहे.

घरी आल्यानंतरची पहिली सकाळ. नाडी ६८, ठोके नियमित. जाग आल्यावर काही मिनिटे अंथरुणातच पडून राहिलो आणि उठण्यापूर्वी, चहा व मेटोप्रोलोलची गोळी घेण्यापूर्वी मोजली. ही गोळी हृदयाचा वेग मंद करते, त्यामुळे गोळीआधीचा एक आकडा आणि गोळीनंतरचा दुसरा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. अँजिओप्लास्टी उजव्या मनगटातून झाल्याने मोजणी डाव्या हातावर करतो. तरीही उजव्या मनगटावर बोटे ठेवून तेथील नाडी लागते ना, एवढे पाहतो, कारण ज्या धमनीतून नळी घातली जाते ती क्वचित नंतर बंद होऊ शकते.

पहिल्या आठवड्याची अखेर. नाडी ६२ ते ५८ च्या दरम्यान. शेजारच्या काकांना हे आकडे फारच कमी वाटले. मात्र ही गोळी चालू असताना विश्रांतीच्या वेळी पन्नाशीच्या वरचा आकडा, चक्कर किंवा अंधारी येत नसेल तर, बहुधा अपेक्षितच असतो. आकडा पन्नासच्या खाली राहिला, किंवा कितीही असला तरी भोवळ आली, तर कळवायचे असे मला सांगितले आहे. नाडीवरून स्टेंट उघडा आहे की नाही हे मुळीच कळत नाही, हेही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. छातीत दुखले, तर नाडी ६० असली तरी ती मोजत न बसता रुग्णालय गाठायचे.

दुसऱ्या आठवड्यातील एक सकाळ. गावातील जेवणावळीनंतर दोन दिवस जुलाब झाले होते. बोटाला लावायच्या यंत्राने ४४ दाखवले, आणि मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजल्यावरही ४४च भरले. ठोके मात्र एकसारखे नव्हते. दोन-तीन ठोके सुरळीत पडत, मग एक रिकामी जागा येई, आणि त्यानंतरचा ठोका इतका जोरात येई की तो गळ्यापर्यंत जाणवे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची रीत अशा वेळी फसवी ठरते, म्हणून पूर्ण मिनिटच मोजावे. मुलाने माझ्या छातीला कान लावला आणि मी मनगट धरले. एकाच मिनिटात त्याचे ७० भरले आणि माझे ४४, म्हणजे हृदयाचे २६ ठोके मनगटापर्यंत पोचतच नव्हते.

त्याच सकाळी बेळगावला गेलो. ईसीजीमध्ये वेळेआधी पडणारे जादा ठोके दिसले. असा ठोका पडतो तेव्हा हृदयाचा कप्पा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे त्यातून थोडेच रक्त ढकलले जाते आणि मनगटाला त्याची लाट लागत नाही. पुढच्या विरामात कप्पा जास्त भरतो, म्हणून नंतरचा ठोका दणदणीत येतो. बोटाचे यंत्र रक्ताच्या लाटाच मोजत असल्याने तेही मनगटासारखेच चकते. रक्तात पोटॅशियम ३.२ निघाले, ते साधारणतः ३.५ च्या वर असावे लागते, आणि जुलाबांत ते शरीराबाहेर जाते. डॉक्टरांनी पोटॅशियमचे औषध मोजक्या दिवसांसाठी दिले आणि मेटोप्रोलोलचा डोस आहे तोच ठेवला. केवळ ४४ पाहून कोणी ती गोळी घरीच बंद केली असती, तर वेग एकदम उसळण्याचा धोका होता. पोटॅशियमही स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण माझ्यासारखी रॅमिप्रिल चालू असेल तर ते वाढण्याकडेच कल असतो आणि जास्त झालेले पोटॅशियम हृदयाला अधिक घातक ठरते.

तिसरा आठवडा. ६०, ५९, ६१. अधूनमधून एखादा ठोका चुकतो. तो आकड्यापुढे फुली करून लिहितो. वहीत आता आकडा, लय आणि शेरा असे तीन रकाने आहेत. माझ्या मते लयीचा रकाना आकड्याहून अधिक कामाचा आहे.

महिन्याची अखेर. दोन दिवस नाडी ७६ आणि ७८ आली. ताप नव्हता, गोळीही चुकलेली नव्हती. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असल्याने आतून रक्त जात असल्यासही नाडी अशी चढते, म्हणून शौचाचा रंग काळा आहे का ते पाहिले. तो नेहमीचाच होता. या खेपेस कारण साधे निघाले: उकाड्याने झोप लागली नव्हती आणि पाणीही कमी प्यालो होतो. पुढच्या सकाळी ६२. पुनर्तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सगळी पाने चाळून फक्त फुल्या मोजल्या, पोटॅशियम पुन्हा तपासायला लावले आणि वही आणखी एक महिना चालू ठेवण्यास सांगितले.