तबला शिकायला पहिल्या वर्षी खरा खर्च किती येतो, तो असा काढा

पोराला तबल्याला घालायचं ठरलं की बहुतेक घरात हिशोब दोन ओळींत होतो, तबल्याची जोडी ९,००० आणि फी महिना १,००० म्हणजे वर्षाचे १२,०००, झाले २१,०००. पण वर्ष संपेपर्यंत खिशातून जातात जवळपास ३०,०००, आणि मधले ८-९ हजार कुठे गेले हे कोणालाच सांगता येत नाही. ते आधीच कसे मोजायचे ते इथे लिहितोय. उदाहरण म्हणून नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणारा सहावीतला मुलगा धरू, क्लास कॉलेज रोडला, आठवड्यातून दोनदा, सुरुवात जूनमध्ये. भाव उदाहरणापुरते घेतलेत, तुम्ही दुकानात आणि क्लासला विचारून आपले टाका, पद्धत तीच राहील.

पहिलं काम म्हणजे जोडीचा भाव विचारण्याआधी सरांना पट्टी, म्हणजे तबला कोणत्या सुराचा हवा ते, विचारा. तबल्याचं तोंड जितकं लहान तितका सूर चढा, त्यामुळे क्लासमध्ये सगळे काळी एक या पट्टीला वाजवत असतील आणि तुम्ही मोठ्या तोंडाचा, खालच्या पट्टीचा तबला आणला तर तो ठोकून ठोकून थोडाफार वर येईल पण त्यापुढे तोंडावरची कातड्याची पुडीच फाटेल, म्हणजे चुकीच्या पट्टीचा स्वस्त तबला शेवटी महागच पडतो. लाकूड शिसवी बघा, डग्गा पितळेचा किंवा तांब्याचा असेल तर उत्तम, तांबं जड आणि महाग. आपल्या उदाहरणात शिसवी तबला ४,५०० आणि पितळी डग्गा ४,५००, एकूण ९,०००.

जुनी जोडी मिळत असेल तर घाबरू नका, लाकूड आणि भांडं वर्षानुवर्षं टिकतं, झिजते ती पुडी. म्हणून जुन्या जोडीचा भाव नेहमी दोन्ही नव्या पुड्या धरून काढा. जोडी ४,००० ला मिळाली आणि तबल्याची पुडी १,२००, डग्ग्याची १,५०० असं धरलं तर ती ६,७०० ला पडते. मात्र लाकडाला चीर गेलीय का आणि डग्ग्याला पोचा आलाय का ते हात फिरवून बघा, कारण ते पुडी बदलून सुटत नाही.

मग सोबतच्या वस्तू. दुकानदाराला सरळ विचारायचं की जोडीबरोबर काय काय येतंय, कधी तबला-डग्गा टेकवायच्या चुंबळी आणि हातोडी देतात, कधी फक्त जोडीच. काही देत नाही असं धरलं तर दोन चुंबळी ३००, हातोडी २५०, जाड अस्तराची बॅग ९००, पावडर ५०, म्हणजे १,५००. रियाझाला साथ म्हणून तालात धून वाजवणारं लेहऱ्याचं मशीन पहिल्या वर्षी घेऊ नका, फोनवरचं अ‍ॅप पुरतं.

आता क्लास. ॲडमिशन ५०० आणि फी १२,०००, पण तास खरे किती होतात ते मोजा. महिन्याला आठ धरून वर्षाचे ९६, त्यातून गणपती, दिवाळी, मे महिन्यात गावाला जाणं, शाळेची परीक्षा आणि सरांचे कार्यक्रम वजा केले की ८४ राहतात. मे महिन्याची फी सुट्टीतही द्यायची का आणि बुडलेला तास भरून मिळतो का हे आधीच विचारून ठेवा, यावर वर्षाला हजारेक रुपयांचा फरक पडतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा द्यायची असेल तर फॉर्म, फी, फोटो, जाणं-येणं धरून ८०० बाजूला ठेवा, आणि गुरुपौर्णिमा, वार्षिक कार्यक्रमाची वर्गणी, झब्बा यांचे १,०००.

प्रवास तर हिशोबात कोणी धरतच नाही. जाऊन-येऊन १५ किमी, ८४ तास म्हणजे १,२६० किमी, स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर २८ लिटर, १०५ रुपये भावाने साधारण ३,०००. पण हे तुम्ही तासभर तिथेच थांबलात तर. सोडून घरी आलात आणि परत आणायला गेलात तर सरळ दुप्पट, ६,०००. सिटीलिंकच्या बसने जमत असेल तर त्याचं तिकीट टाका.

सगळ्यात जास्त चुकतं ते दुरुस्तीत, कारण नवीन तबल्याला पहिल्या वर्षी काय होणार असं वाटतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, कातडं सैल पडतं, सूर उतरतो, मग पोरगं किंवा घरचे हातोडीने पुडीच्या कडेची वेणी म्हणजे गजरा खाली ठोकतात, चामड्याच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवतात आणि सूर वर आणतात. इथपर्यंत ठीक. पण पाऊस गेला की ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, तेच कातडं आकसतं, आणि आधीच ताणून ठेवलेली पुडी गजऱ्याजवळ फाटते. ओळखायचं कसं, तर कोणी हात लावलेला नसताना तबला आधीपेक्षा चढा वाजायला लागतो. तसं दिसलं की लगेच गठ्ठे वर घ्या आणि गजऱ्यावर खालून वर हलके ठोके देऊन सूर उतरवा, सगळीकडून थोडं थोडं, एकाच जागी नाही. ज्यांना हे माहीत असतं त्यांची पुडी पुष्कळ टिकते, पण शिकाऊ हाताला पहिल्या वर्षी तबल्याची एक पुडी जाणार असंच धरा, बसवण्यासकट १,२००. वाद्या ओढून सूर जुळवून घ्यायला दोनदा ३०० म्हणजे ६००. असे झाले १,८००.

पुडीच्या मधल्या काळ्या शाईवर बारीक रेषांची जाळी दिसते, ती भेग नाही, शाई घोटतानाच तशी होते, तेवढ्यावरून पुडी बदलू नका. शाईचा टवका उचललेला दिसला किंवा बोल वाजवताना चरचर ऐकू आली तर मात्र ती सुटतेय. ओल्या किंवा घामाच्या हाताने वाजवणं आणि ओल्या बॅगेत तबला बंद ठेवणं ही त्याची नेहमीची कारणं, म्हणून पावसात क्लासहून आल्यावर आधी बॅग उघडी करून ठेवा. दुरुस्तीला टाकताना नवी पुडी कोणत्या पट्टीची बसवणार आणि मजुरी त्यातच धरलीय का हे विचारून घ्या, आणि पुडी बसवल्याची तारीख वहीत लिहा, पुढच्या वेळी किती टिकली ते कळतं.

आता बेरीज. जोडी ९,०००, वस्तू १,५००, क्लास १२,५००, परीक्षा ८००, कार्यक्रम १,०००, प्रवास ३,०००, दुरुस्ती १,८००, म्हणजे २९,६००. डग्ग्याची पुडी सहसा जास्त टिकते म्हणून ती यात धरली नाही, पण तिचे १,५०० वेगळे ठेवा, म्हणजे तयारी ३१,१०० ची हवी. ८४ तासांनी भागलं तर एका तासाला सुमारे ३५२ रुपये पडतात, नुसती फी भागली तर १४३ दिसतात. दोन क्लासमध्ये निवड करताना हा ३५२ वाला आकडा धरा, कारण घराजवळचा क्लास महिन्याला २०० ने महाग असला आणि पोरगं चालत जाऊ शकत असलं तर फीचे २,४०० वाढतात पण पेट्रोलचे ३,००० वाचतात.

पोराचं मन लागेल का याची खात्री नसेल तर जोडी लगेच घेऊ नका. सरांकडे किंवा ओळखीत जुनी जोडी तीन महिने भाड्याने मिळते का बघा, महिना ४०० धरले तर १,२०० जातील, डिपॉझिट वेगळं. क्लासमध्येच वाजवून घरी रियाझ न करता तीन महिने काढणं मात्र फीचे पैसे वाया घालवणं आहे.

दुसऱ्या वर्षी जोडी, वस्तू आणि ॲडमिशन निघून जातात, म्हणजे याच भावाने १८,६००, महिना १,५५०. हा आकडा घराला झेपतोय का ते जूनमध्येच बघा, जोडी घ्यायच्या आधी.