पंपावर डोस बरोबर दिसतो, तरी औषध दुप्पट जातं: सिरिंज बदलताना या चुका टाळा

पंपाच्या स्क्रीनवर 5 mcg/kg/min दिसत होतं. चार्टवरही तेच होतं. वजन ६० किलो, तेही बरोबर भरलेलं. पेशंटला मात्र डोपामिन १० च्या डोसने जात होतं. अशी चूक नुसती स्क्रीन बघून सापडत नाही, म्हणून ती आधी नीट समजून घेऊ.

संध्याकाळपर्यंत त्या पेशंटला साधं डायल्यूशन चालू होतं: ५० मिलीत २०० मिलीग्रॅम, म्हणजे १ मिलीत ४ मिलीग्रॅम. रात्री पाणी कमी द्यायचं ठरलं आणि डॉक्टरांनी डबल स्ट्रेंथ लिहिली: ५० मिलीत ४०० मिलीग्रॅम. सव्वाअकराला सिरिंज बदलली. नवी सिरिंज बसवल्यावर बरेच पंप विचारतात, आधीचीच सेटिंग ठेवायची का? घाईत ‘हो’ दाबलं गेलं. पंपाच्या लेखी सिरिंजमध्ये अजून २०० मिलीग्रॅमच होते.

इथेच मेख आहे. सिरिंजमध्ये काय भरलंय हे पंपाला दिसत नाही. आपण जे सांगतो त्यावर तो हिशोब करतो आणि त्या हिशोबाचं उत्तर ‘डोस’ म्हणून दाखवतो. त्याला प्रत्यक्ष करता येतं ते एकच, दट्ट्या ठरलेल्या वेगाने ढकलणं. म्हणून स्क्रीनवरचा मोठा डोस वाचून समाधान मानू नका. त्याच्या शेजारचा किंवा खालचा mL/h चा आकडा वाचा आणि तो सिरिंजवरच्या लेबलशी ताडून बघा.

४.५ चा आकडा कुठे खटकला

रात्रीच्या सिस्टर अडीचच्या सुमाराला नोंद घेत होत्या. पल्स दहाला ९२ होता, तो १२६ वर गेला होता. प्रेशर १०४ वरून १४० वर. ताप नव्हता, पेशंटला दुखत नव्हतं. पंपावर रेट होता 4.5 mL/h.

हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पेपरात हेच गणित आलं होतं: ६० किलोचा पेशंट, डोपामिन ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, ५० मिलीत २०० मिलीग्रॅम, तर तासाला किती मिली? उत्तर ४.५. त्यांनी मिनिटाचं तासात करायला ६० ने गुणलंच नव्हतं आणि मार्क गेले होते, म्हणून ते उत्तर पक्कं डोक्यात बसलं होतं. त्यांची नजर पंपावरून सिरिंजच्या लेबलवर गेली. तिथे ४०० होतं. ४.५ हे तर २०० च्या सिरिंजचं उत्तर!

मग त्यांनी कागदावर गणित मांडलं:

```
५ × ६० किलो = ३०० मायक्रोग्रॅम दर मिनिटाला
३०० × ६० = १८,००० मायक्रोग्रॅम = १८ मिलीग्रॅम दर तासाला
४०० ÷ ५० = ८ मिलीग्रॅम प्रति मिली
१८ ÷ ८ = २.२५ मिली प्रति तास
```

सिरिंजवरच्या रेघाही तेच सांगत होत्या. बदलल्यापासून सव्वातीन तास झाले होते. २.२५ च्या रेटने सात-सव्वासात मिली गेले असते आणि सिरिंजमध्ये ४२ ते ४३ मिली उरले असते. दट्ट्या ३५ च्या जवळ होता. सिरिंज चालू करताना लेबलवर वेळ लिहिलेली असेल, तर ही पडताळणी अर्ध्या मिनिटात होते. लिहिलेली नसेल, तर होतच नाही.

चूक कळल्यावर पंप झटकन बंद करू नका

पहिला हात बंदच्या बटनाकडे जातो. पण डोपामिनचा असर काही मिनिटांतच उतरतो. तीन तास १० च्या डोसवर असलेल्या पेशंटचं एकदम बंद केलं, तर प्रेशर कोसळू शकतं. सिस्टरनी पंप चालू ठेवला आणि डॉक्टरांना फोन केला: “डॉक्टर, डोपामिन पाचवर दिसतंय, पण जातंय दहावर. सिरिंज डबल स्ट्रेंथची आहे, पंपात सिंगल भरलेलं आहे. पल्स १२६, प्रेशर १४०.”

डॉक्टरांनी येऊन आधी पंपात खरं कॉन्सन्ट्रेशन भरायला सांगितलं आणि रेट ४.५ च ठेवला. आता स्क्रीनवर खरा डोस दिसू लागला, १०. तिथून ७.५, म्हणजे साधारण ३.४ मिली, आणि मग ५, म्हणजे २.२५ मिली. प्रत्येक टप्प्याआधी प्रेशर बघितलं. किती वेगाने उतरवायचं हे त्या पेशंटचं प्रेशर बघून डॉक्टरच ठरवतात. सिस्टरने आपल्या मनाने रेट अर्धा करू नये.

सिरिंज बदलली, लाइन जुनीच

डायल्यूशन बदलताना एक्स्टेंशन लाइनही बदला. लाइनमध्ये समजा दीड मिली मावतं. २.२५ च्या रेटने ते संपायला ४० मिनिटं लागतात. तेवढा वेळ रेट नव्या औषधाचा आणि आत जाणारं औषध जुनं, अर्ध्या ताकदीचं. प्रेशर पडतं, कुणीतरी डोस वाढवतं, आणि मग जाड औषध पोचतं. नवी लाइन नव्या औषधाने भरून घ्या. मात्र भरताना ती पेशंटला जोडलेली नसावी. डबल स्ट्रेंथचं १ मिली जरी ढकललं गेलं तरी ८ मिलीग्रॅम जातात, म्हणजे याच पेशंटचा जवळजवळ २७ मिनिटांचा डोस एका दमात.

४०० मिलीग्रॅम अधिक ५० मिली, असं करू नका

२०० मिलीग्रॅमचा अँप्यूल ५ मिलीचा असेल तर दोन अँप्यूलचे १० मिली होतात. त्यात सलाईन ४० मिलीच घालायचं. ५० घातलं तर एकूण ६० मिली होतं, १ मिलीत ८ च्या जागी ६.७ मिलीग्रॅम येतात, आणि लेबलवर मात्र ८ च राहतं.

दुसऱ्या सिस्टरने आकडा ऐकून मान डोलावणं

२००६ मध्ये कॅनडातल्या एडमंटनमध्ये एका पेशंटला चार दिवसांत द्यायचं कॅन्सरचं औषध फ्लुरोयुरासिल चार तासांत गेलं. रेट तासाला १.२ मिली हवा होता, पंपात २८.८ भरला गेला. २४ तासांचे मिली काढले, पण २४ ने भागायचं राहिलं. औषधाच्या लेबलवर २८.८ हा आकडाही छापलेला होता, म्हणून आलेलं उत्तर बरोबर वाटलं. दुसऱ्या नर्सनेही तपासलं होतं. पेशंट वाचला नाही.

म्हणून तपासायला बोलावलेल्या सिस्टरला “साडेचार आहे, बरोबर ना?” असं विचारू नका. त्यांच्या हातात ऑर्डर द्या, सिरिंज दाखवा, आणि स्क्रीन झाकून ठेवा. त्यांचं उत्तर कागदावर आल्यावरच पंप बघा. हँडओव्हरच्या वेळीही हेच करा: “डोपामिन पाचवर” एवढं सांगून भागत नाही. “४०० ची सिरिंज, २.२५ ने, सव्वाअकराला लावलेली” असं सांगा, आणि दोघींनी मिळून दट्ट्याची रेघ वाचा.