फोटोत टिकली लावताना या चुका टाळा

लग्नाच्या अल्बममध्ये हा प्रश्न हमखास येतो. घामाने नाहीतर मेकअप पुसताना टिकली निघून पडते, कुणाच्या लक्षात येत नाही आणि नेमक्या सगळ्यांत चांगल्या फोटोत कपाळ रिकामं दिसतं. मग फोटोशॉपमध्ये एक लाल गोल काढून भुवयांच्या मधे ठेवला जातो आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही नंतर लावली आहे. काय खटकतंय ते मात्र सांगता येत नाही. बहुतेक वेळा दोष गोलाव्यात नसतोच. तो आकारात, जागेत आणि रंगाच्या मिश्रणात असतो.

एकच फोटो समोर ठेवू. नऊवारी नेसलेली नवरी, चेहरा फोटोच्या डावीकडे वळलेला, नजर मात्र कॅमेऱ्यात, आणि उजवीकडून खिडकीचा उजेड. लावायची आहे मखमली, मरून रंगाची, 8 मिलिमीटरची टिकली.

पहिली चूक म्हणजे आकार नजरेने ठरवणं. स्क्रीनवर झूम करून काम करताना टिकली नेहमी मोठी होते. त्यापेक्षा माप घ्या. डोळ्याचं बुबुळ, म्हणजे काळाभोर किंवा तपकिरी गोल, मोठ्या माणसात साधारण 11.7 मिलिमीटर रुंद असतं आणि माणसागणिक त्यात फारच थोडा फरक पडतो. चेहरा वळलेला असला तरी नजर कॅमेऱ्याकडे असेल तर ते गोलच दिसतं, म्हणून मोजपट्टी म्हणून उत्तम. आपल्या फोटोत बुबुळ 80 पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका मिलिमीटरला साधारण 6.8 पिक्सेल, आणि 8 मिलिमीटरची टिकली 54 पिक्सेल उंच. टिकली बुबुळाहून लहान दिसली पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

उंची 54, पण रुंदी 54 नाही. चेहरा वळला की टिकलीही वळते आणि आडवी दबते. किती दबते हे त्याच डोळ्यांवरून कळतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटर असतं, म्हणजे ही बाई समोर बघत असती तर ते 428 पिक्सेल आलं असतं. फोटोत ते 370 भरतं. 370 भागिले 428 म्हणजे 0.86, आणि टिकलीची रुंदीही तितक्याच प्रमाणात कमी करायची: 54 च्या 86 टक्के, म्हणजे 46 पिक्सेल. बाहुल्यांमधलं अंतर बुबुळासारखं स्थिर नसतं, माणसामाणसात ते बरंच बदलतं. म्हणून त्याच अल्बममध्ये तिचा सरळ समोरून काढलेला फोटो असेल तर तिचं स्वतःचं प्रमाण त्यावरून काढा. तिथे बाहुल्यांचं अंतर बुबुळाच्या किती पट आहे ते पाहिलं की पुरे.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी आडवं दाबायचं, मग डोकं जितकं कललं असेल तितकं फिरवायचं. उलट केलं तर टिकली तिरकी ताणली जाते. साध्या गोल टिकलीत ते चटकन दिसत नाही, पण चंद्रकोर असेल तर एक टोक जाड आणि एक बारीक होऊन लगेच उघडं पडतं.

आता गोलावा. Edit > Transform > Warp मध्ये जाऊन टिकली फुगवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि लहान टिकलीसाठी तो चुकीचा आहे. कपाळाच्या गोलाव्याची त्रिज्या 7 ते 8 सेंटिमीटर धरली तर 8 मिलिमीटरच्या टिकलीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कपाळ जेमतेम 6 अंश वळतं. ते डोळ्याला दिसत नाही. फुगवलेली टिकली मात्र बटणासारखी वर आलेली दिसते. लहान टिकलीला दाबणं आणि फिरवणं पुरतं.

गोलावा खरा लागतो तो आडव्या कुंकवाच्या चिरीला. 4 सेंटिमीटरची चिरी असेल आणि चेहरा 30 अंश वळलेला असेल, तर आपल्याकडची अर्धी बाजू फोटोत साधारण 18.5 मिलिमीटर दिसते आणि पलीकडची 15.7. आपल्या फोटोच्या मापात 126 आणि 107 पिक्सेल. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर चिरी कपाळावर न बसता समोर तरंगते. Warp ची जाळी घेऊन पलीकडचं टोक आत ढकला, मधला बिंदू नाकाच्या रेषेवरून हलू देऊ नका. हनुवटी खाली घेतलेली असेल, म्हणजे कॅमेरा कपाळाकडे वरून बघत असेल, तर चिरीची टोकं किंचित वर उचलतात. खालून काढलेल्या फोटोत ती खाली झुकतात.

जागेची चूक वळलेल्या चेहऱ्यातच होते. चेहऱ्याच्या दोन कडांचा मध्य काढून तिथे टिकली ठेवली तर ती आपल्याकडच्या भुवईकडे सरकते, कारण आपल्याकडचा गाल जास्त दिसत असतो. आपल्या फोटोत खरी मध्यरेषा डावीकडे आहे. नाकाचं मूळ, म्हणजे दोन डोळ्यांमधला खोलगट भाग, आणि वरच्या ओठावरची पन्हळ या दोन खुणा धरून रेषा काढा आणि ती वर न्या. नाकाचा शेंडा धरू नका, तो पुढे आलेला असल्यामुळे रेषा पलीकडे ओढतो. भांगावरही विसंबू नका, तो बाजूला असू शकतो.

आता रंग, जिथे सर्वांत जास्त गडबड होते. बहुतेक जण टिकलीचा लेयर Multiply वर टाकतात, कारण मग ती त्वचेत मिसळल्यासारखी वाटते. पण मखमली टिकली त्वचेत मिसळत नाही, ती त्वचा झाकते. तिच्यातून कपाळाची रंध्रं दिसत नाहीत, बारीक सुरकुतीही नाही. भुवयांच्या वर कपाळ तेलकट चमकत असेल आणि टिकलीच्या मधेही ती चमक जरा उजळ लाल डागासारखी दिसत असेल, तर लेयर Multiply वर राहिला आहे असं समजा.

या पद्धतीचा खरा फटका सावळ्या चेहऱ्यांना बसतो, आणि म्हणून ती सवय मोडलीच पाहिजे. Multiply मध्ये दोन रंगांचे आकडे गुणून 255 ने भागले जातात. कुंकवाचा रंग 190, 20, 30 घ्या. उजळ त्वचा 200, 150, 125 असेल तर उत्तर येतं 149, 12, 15, म्हणजे चांगला गडद लाल. त्वचा 120, 80, 60 असेल तर उत्तर 89, 6, 7. हा जवळजवळ काळपट तपकिरी. प्रत्यक्षात सावळ्या कपाळावर कुंकू किती ठसठशीत लाल दिसतं ते आपण रोज पाहतो. दोष कपाळाचा नाही, गुणाकाराचा आहे.

योग्य रीत अशी. टिकली Normal वरच ठेवा. तिच्या मुळाशी असलेल्या त्वचेकडून रंग घ्यायचा नाही, फक्त उजेड-सावलीचा उतार घ्यायचा. त्यासाठी टिकलीच्या जागेचा कपाळाचा तुकडा नव्या लेयरवर कॉपी करा, थोडा ब्लर करा म्हणजे रंध्रं जातील, Desaturate करून राखाडी करा, मग Levels ने त्याची सरासरी 128 वर आणा. हा लेयर टिकलीवर क्लिप करून Overlay करा. मध्यम राखाडी Overlay मध्ये काहीच बदलत नाही, त्यामुळे टिकलीचा लाल तसाच राहतो आणि खिडकीकडची बाजू किंचित उजळ, पलीकडची किंचित गडद होते. कपाळावर चमक असेल तर ती आधी या राखाडी तुकड्यातून पुसून टाका, कारण मखमल चमकत नाही.

मूळ लाल कुठला घ्यायचा? शुद्ध #FF0000 कधीच नाही, कॅमेऱ्याने टिपलेल्या टिकलीत तो सहसा सापडत नाही. त्याच फोटोत, त्याच उजेडात असलेला एखादा लाल शोधा: साडीचा काठ, ब्लाउजची बाही, ओठ. पिवळ्या बल्बच्या उजेडातला लाल नारिंगीकडे झुकतो, सावलीतला थंड आणि जांभळट होतो, आणि ते झुकणं या शेजारच्या लालात आधीच आलेलं असतं. आपल्या फोटोत नऊवारीचा काठ मरून आहे. त्याच्या उजेडातल्या भागावरून रंग उचलला की काम झालं. रेशमाची चकाकी असलेली जागा मात्र टाळा.

ओल्या किंवा पावडरच्या कुंकवाचं वेगळं. ते कडेला विरळ होतं आणि तिथे त्वचा खरोखर डोकावते. मधला भाग वरच्यासारखाच झाकलेला ठेवा आणि फक्त कडेची पिक्सेलभर रुंद पट्टी मऊ, विस्कळीत ब्रशने पुसट करा.

सावली थोडक्यात. टिकली मिलिमीटरभरही जाड नसते, तेव्हा सावली दोन-तीन पिक्सेलच्या वर जायला नको. Drop Shadow मधला काळा रंग बदला आणि त्याच चेहऱ्यावरच्या नाकाच्या सावलीतला तपकिरी उचला, Opacity 35-40 टक्के. दिशा डोळ्यांतल्या चमकेच्या ठिपक्यावरून कळते. आपल्या फोटोत तो बुबुळाच्या वरच्या उजव्या बाजूला आहे, म्हणून सावली खाली डावीकडे.

कड भुवयांच्या केसांशी ताडून बघा. केस जितके धारदार तितकीच टिकलीची कड, त्याहून जास्त नको. बहुधा अर्धा ते एक पिक्सेल Gaussian Blur लागतो आणि त्वचेवर दाणे असतील तर तितकेच दाणे टिकलीवरही.

शेवटी सगळ्यावर एक Black & White लेयर ठेवून बघा. टिकली त्वचेहून गडद असावी, पण डोळ्याच्या बाहुलीइतकी काळी होऊ नये. तशी झाली असेल तर रंग पुन्हा काठावरून उचला.

हा नियम जुन्या कृष्णधवल फोटोंना मात्र लागू नाही. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे त्या फोटोंत कुंकू काळं उमटलं आहे. पणजीच्या अशा फोटोत पुसट झालेलं कुंकू पुन्हा भरायचं असेल तर लाल रंग राखाडी करून जो मधला करडा मिळतो तो वापरू नका, तो तिथे फिका आणि खोटा दिसतो. तिच्या ओठांकडे बघा. ते गडद, जवळजवळ काळपट आले असतील तर फोटो लालाला आंधळ्या फिल्मवरचा आहे. मग कुंकवाला ओठांहून एक पायरी गडद करडा द्या आणि कडा त्या जुन्या छपाईइतक्याच मऊ ठेवा.